हिशेब विभागात परतताना: बायोडेटाच्या सारांशात अनेक वर्षांचा खंड कसा मांडावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यातील हॉटेले, कारखाने आणि व्यापारी पेढ्यांच्या हिशेब विभागांत काम केलेल्या आणि काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. हिशेब विभागात दरवर्षी काही ना काही कायदा बदलतो आणि त्यामुळे खंडाचा प्रश्न तेथे अधिक बोचतो, म्हणून उदाहरणे त्याच क्षेत्रातून घेतली आहेत. नमुने मराठीत दिले आहेत. बायोडेटा इंग्रजीत असेल, तर मांडणी आणि क्रम तोच ठेवावा.

१. बायोडेटातील व्यावसायिक सारांश म्हणजे नेमके काय? पूर्वी आपण ‘ऑब्जेक्टिव्ह’ लिहीत होतो, त्यापेक्षा तो वेगळा कसा?

नाव आणि संपर्काच्या तपशिलाखाली येणारा तीन ते पाच ओळींचा परिच्छेद म्हणजे व्यावसायिक सारांश. ऑब्जेक्टिव्हमध्ये अर्जदार आपल्याला काय हवे ते सांगत असे. सारांशात त्याने आजवर काय केले, आज काय करू शकतो आणि कोणत्या कामासाठी अर्ज करतो, या तीन गोष्टी येतात. साठ ते ऐंशी शब्द पुरतात. त्यातील प्रत्येक विधानाला खाली नोकऱ्यांच्या तपशिलात आधार असला पाहिजे, ही एकच अट मी कडक मानतो. ज्या वाक्याला खाली आधार नाही, ते कितीही सुबक असले तरी काढून टाकावे.

२. खंडाचा उल्लेख सारांशातच करावा का? मुलाखतीला बोलावल्यावर समोरासमोर सांगितले तर चालणार नाही का?

खंड सहा-आठ महिन्यांचा असेल तर सारांशात त्याची गरज नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त असेल तर उल्लेख अवश्य करावा.

अर्ज चाळणारा माणूस सारांश वाचतो आणि लगेच नोकऱ्यांच्या तारखांकडे वळतो. सारांशात ‘अनुभवी लेखाधिकारी’ असे वाचून खाली शेवटची नोकरी २०१७ साली संपलेली दिसली, की त्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. मधली वर्षे कुठे गेली, हा पहिला. आणि हे आपल्यापासून लपवले का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मुलाखतीत देता येते. दुसऱ्यामुळे मुलाखतीचे बोलावणेच येत नाही. सारांशात एका उपवाक्यात खंड सांगितला असेल, तर वाचणारा तारखांपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याला ती पोकळी आधीच ठाऊक असते आणि तो पुढचा, कामाचा भाग वाचू लागतो.

यावर काही वाचक विचारतात की, खंड सांगितल्यामुळे अर्ज बाजूला पडला तर? काही ठिकाणी पडेल. पण तेथे तारखा पाहूनही तो पडलाच असता.

३. मग हा उल्लेख सारांशात कोठे आणि किती शब्दांत यावा?

मधोमध आणि एका वाक्यात. पहिल्या वाक्यात केलेले काम, दुसऱ्यात खंड, तिसऱ्यात खंडानंतर किंवा खंडातच अद्ययावत केलेले काम, आणि शेवटी कोणती जागा हवी ते, असा क्रम ठेवावा. खंडाने सुरुवात केली तर सारांश क्षमायाचनेसारखा वाचला जातो. खंडाने शेवट केला तर वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढेच राहते.

खंडाच्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कोणत्या महिन्यापासून, कोणत्या महिन्यापर्यंत आणि कारणाचा प्रकार. ‘दुर्दैवाने’, ‘नाइलाजाने’, ‘परंतु आता’ या शब्दांना तेथे थारा देऊ नये. सासऱ्यांची शुश्रूषा केली, यात दुर्दैव आजाराचे होते, शुश्रूषा करणारीचे नव्हे. कारण किती उघडे करावे, याविषयी प्रश्न ६ पाहावा.

४. एखादा पूर्ण नमुना दाखवाल का? आमच्यासारख्या साध्या अनुभवाचा.

पुढील उदाहरण अनेकांच्या पत्रांतून जुळवलेले आहे, एका कोणा व्यक्तीचे नाही. मडगावात राहणाऱ्या एक वाणिज्य पदवीधर भगिनी. जून २००८ ते मार्च २०११ त्या एका व्यापारी पेढीत हिशेब साहाय्यक होत्या. एप्रिल २०११ ते मे २०१७ सासष्टीच्या किनाऱ्यावरील एका हॉटेलच्या हिशेब विभागात होत्या. मुलगी लहान, त्यात सासऱ्यांना पक्षाघात, म्हणून नोकरी सोडली. २०२१पासून बत्तीस सदनिकांच्या आपल्या सोसायटीच्या खजिनदार. जानेवारी २०२५पासून एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात आठवड्याचे तीन दिवस काम. आता पुन्हा हॉटेलमध्ये पूर्ण वेळ परतायचे आहे.

त्यांचा पहिला मसुदा असा होता:

*‘अकाउंट्स क्षेत्रातील १७ वर्षांचा प्रदीर्घ अनुभव असलेली, मेहनती, प्रामाणिक व संघभावनेने काम करणारी व्यावसायिक. वैयक्तिक कारणांमुळे दुर्दैवाने नोकरी सोडावी लागली, परंतु आता संधी मिळाल्यास स्वतःला सिद्ध करण्यास उत्सुक. टॅली, व्हॅट, सर्व्हिस टॅक्स, लक्झरी टॅक्स आणि जीएसटी यांचे संपूर्ण ज्ञान.’*

यात पहिली चूक ‘१७ वर्षे’ ही आहे. २००८पासून आजपर्यंतची सगळी वर्षे मोजली गेली आहेत. प्रत्यक्षात पहिल्या नोकरीचे दोन वर्षे दहा महिने आणि दुसरीचे सहा वर्षे दोन महिने, म्हणजे नेमकी नऊ वर्षे होतात. दुसरी चूक ‘वैयक्तिक कारणांमुळे’ ही आहे. या शब्दांनी काही कळत नाही, उलट कुतूहल वाढते. तिसरी चूक सर्वांत महागाची आहे आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही. यांनी नोकरी सोडली मे २०१७मध्ये आणि जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ रोजी. म्हणजे नोकरीत असताना त्यांनी जीएसटीचे एकही विवरणपत्र भरलेले असणे शक्य नाही, आणि हिशेब विभागाचा प्रमुख हे तारखेवरून क्षणात ओळखतो. ‘संपूर्ण ज्ञान’ या दोन शब्दांनी त्यांनी खरोखर मिळवलेले ज्ञानही संशयास्पद केले.

गंमत अशी की, यांच्याजवळ जीएसटीचा हातचा अनुभव होता. तो त्यांनी लिहिलाच नव्हता, कारण ‘तीन दिवसांची अर्धवेळ नोकरी कसली सांगायची’ असे त्यांना वाटत होते. सुधारलेला सारांश असा झाला:

*‘हॉटेल व व्यापारी पेढीच्या हिशेब विभागात ९ वर्षांचा अनुभव (२००८ ते २०१७), हॉटेलमध्ये दैनंदिन महसुलाची तपासणी, ट्रॅव्हल एजंटांकडील येणी आणि बँकेचा ताळमेळ ही मुख्य जबाबदारी. जून २०१७ ते डिसेंबर २०२४ या काळात अपत्यसंगोपन व कुटुंबातील रुग्णाच्या शुश्रूषेसाठी नोकरीपासून दूर. २०२१पासून ३२ सदनिकांच्या सोसायटीची मानद खजिनदार. जानेवारी २०२५पासून सनदी लेखापाल कार्यालयात अर्धवेळ काम: १४ ग्राहकांची जीएसटीआर-१ व ३बी विवरणपत्रे आणि खरेदीचा २बीशी ताळमेळ. हॉटेलच्या हिशेब विभागात पूर्ण वेळ कामासाठी उपलब्ध.’*

येथे मेहनती, प्रामाणिक, उत्सुक असे एकही विशेषण नाही. बत्तीस सदनिका आणि चौदा ग्राहक हे आकडे लहान आहेत, पण ते तपासता येतात. आणि ‘हॉटेलच्या’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे, कारण रात्रीच्या हिशेबाचा आणि रेस्टॉरंटच्या बिलांचा मेळ घालण्याचा अनुभव कारखान्यातून आलेल्या अर्जदाराकडे नसतो.

५. खंडात कायदे बदलले. जुन्या ज्ञानाचा उल्लेख सारांशातून पूर्ण काढून टाकावा का?

सरसकट काढू नये, एकेक तपासावे. वरच्या उदाहरणातील सर्व्हिस टॅक्स आणि गोव्याचा लक्झरी टॅक्स जीएसटीत विलीन झाले, तेव्हा सारांशात त्यांना जागा नाही. व्हॅटचे तसे नाही. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे हॉटेलच्या बारमधील दारूच्या बिलावर आजही व्हॅटच लागतो आणि त्याच टेबलावरच्या जेवणावर जीएसटी. बार असलेल्या हॉटेलसाठी अर्ज करत असाल तर व्हॅटचा जुना अनुभव ही जमेची बाजू आहे. औषधनिर्मितीच्या कारखान्यासाठी करत असाल, तर त्याच्यावर शब्द खर्चू नयेत.

नव्या गोष्टींबाबत ‘केले आहे’ आणि ‘शिकले आहे’ यांत काटेकोर फरक ठेवावा. २०१७च्या मध्यास खंड घेतलेल्यांसाठी बदल पुष्कळ आहेत. २०२०मध्ये खरेदीचा ताळमेळ घालण्यासाठी २बी हे विवरण आले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ई-इनव्हॉइस मोठ्या कंपन्यांना लागू झाले आणि मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीपर्यंत आली. टॅलीचा ईआरपी ९ जाऊन टॅलीप्राइम आले. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहणे १ एप्रिल २०२३पासून बंधनकारक झाले, त्यामुळे मागची नोंद गुपचूप बदलण्याची जुनी सवय आता मोडावी लागते.

यापैकी जे तुम्ही स्वतः केले, त्यापुढे संख्या लिहावी: किती ग्राहक, किती महिने. जे केवळ अभ्यासक्रमात शिकलात, त्याला ‘प्रशिक्षण घेतले’ असेच म्हणावे. फरक मुलाखतीत उघडा पडतोच. विवरणपत्रे भरणाऱ्याला ‘२बीमध्ये बिल दिसत नाही, पण माल आला आहे, काय करता?’ असे विचारले, तर तो पुरवठादाराला फोन करण्यापासून सुरुवात करतो. केवळ शिकलेला कलमाचा क्रमांक सांगतो. हॉटेलसाठी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर लागतो आणि त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. हे सारांशात लिहायचे नाही, पण ‘अद्ययावत’ हा शब्द लिहिणाऱ्याला हे तोंडपाठ हवे.

६. खंडाचे कारण किती सांगावे? माझे कारण स्वतःचे आजारपण होते.

कारणाचा प्रकार सांगावा, कहाणी सांगू नये. ‘अपत्यसंगोपन’, ‘कुटुंबातील रुग्णाची शुश्रूषा’, ‘आरोग्यविषयक कारण’, ‘उच्च शिक्षण’ यांपैकी जे खरे असेल ते दोन-तीन शब्दांत पुरे.

स्वतःच्या आजारपणाबाबत ‘आरोग्यविषयक कारणासाठी नोकरीपासून दूर, सध्या पूर्ण वेळ कामास सक्षम’ इतके पुरेसे आहे. आजाराचे नाव, शस्त्रक्रिया, औषधे यांतील काहीही सारांशात येऊ नये, मग आजार शरीराचा असो वा मनाचा. मात्र ‘पूर्ण वेळ कामास सक्षम’ हे खरे असेल तरच लिहावे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त बसता येत नसेल, तर अर्धवेळ जागेसाठी अर्ज करावा आणि सारांशात तसे म्हणावे.

आजारपण होते पण ‘कौटुंबिक कारण’ लिहिले तर चालेल का, असे काहीजण विचारतात. माझ्या मते चालणार नाही. कारण न सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, तेव्हा ‘नोकरीपासून खंड’ एवढेच लिहा. पण एक कारण लिहून मुलाखतीत दुसरे सांगावे लागले, तर पुढचे प्रश्न कामाबद्दल राहत नाहीत.

७. मी फक्त वर्षे लिहितो, महिने नाही. ‘२०११–२०१७’ आणि ‘२०१७–सध्या’ असे लिहिले की खंड दिसतच नाही. हे खोटे आहे का?

खंड दोन-तीन महिन्यांचा असेल तर ही केवळ मांडणीची सोय आहे. पण फेब्रुवारी २०१७मध्ये नोकरी सोडून डिसेंबर २०१७मध्ये दुसरी धरली असेल, तर दहा महिने झाकले जातात. अनेक वर्षांच्या खंडात तर ही युक्ती मुळीच उपयोगी नाही. वाचणाऱ्याला महिने नसलेला बायोडेटा दिसला की, तो महिन्यांचीच चौकशी करतो. महिना आणि वर्ष दोन्ही लिहावे.

८. जुन्या नोकरीच्या तारखा कोण तपासणार? ते हॉटेल तर आता बंदही पडले आहे.

हॉटेल बंद पडले तरी भविष्य निर्वाह निधीची नोंद राहते. नवा मालक तुमचा यूएएन क्रमांक घेतोच, आणि अनेक ठिकाणी रुजू होण्यापूर्वी सेवा-इतिहासाची प्रत मागितली जाते. त्यात प्रत्येक आस्थापनेत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते आणि पासबुकात महिन्यागणिक वर्गणी दिसते. म्हणून सारांशातील आकडा लिहिण्यापूर्वी ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर जाऊन आपला सेवा-इतिहास स्वतः पाहावा आणि बायोडेटातील तारखा त्याच्याशी पडताळून घ्याव्यात.

येथे खंड घेतलेल्यांना एक चमत्कारिक अडचण हमखास येते. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, त्यामुळे नोंदीप्रमाणे तुम्ही आजही त्या हॉटेलात नोकरीला असता. सारांशात प्रामाणिकपणे ‘मे २०१७पर्यंत’ लिहिणारी व्यक्तीच मग खोटी ठरल्यासारखी दिसते. अशाच कारणावरून एका चांगल्या अर्जदाराचा कागद मी स्वतः आठवडाभर अडवून ठेवला होता. बाईंची चूक नव्हती, माझीच घाई होती. सोडून दोन महिने झाले असतील तर ही तारीख सदस्याला पोर्टलवर स्वतः नोंदवता येते, मात्र त्यासाठी यूएएन आधारशी जोडलेला असावा लागतो. ती शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातीलच टाकावी आणि नीट पाहून टाकावी, कारण नंतर ती बदलणे किचकट असते. अर्ज पाठवण्यापूर्वी हे उरकून घ्यावे.

यूएएन २०१४मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी सोडलेल्या नोकरीची नोंद पोर्टलवर दिसेलच असे नाही. तिच्यासाठी अनुभवपत्र किंवा फॉर्म १६ शोधून ठेवावा.

९. खंडात मी नवऱ्याच्या दुकानाचे आणि गावच्या देवस्थानाचे हिशेब पाहत होते, पण पगार नव्हता. हे अनुभवात धरावे का?

काम धरावे, पण नोकरीच्या वर्षांत मिळवू नये. प्रश्न ४मधील सारांशात खजिनदारपद नऊ वर्षांपासून वेगळे ठेवले आहे आणि ‘मानद’ हा शब्द लावला आहे, तो याचसाठी.

दुकानाबद्दल ‘कुटुंबाच्या व्यवसायाचे हिशेब सांभाळले (बिनपगारी)’ असे लिहावे आणि त्यात प्रत्यक्ष काय केले ते एका तुकड्यात सांगावे: रोजकीर्द, पुरवठादारांची देणी, विवरणपत्रासाठी कागद तयार करणे. ‘फायनान्स मॅनेजर’ हे पद नवऱ्याने दिले असले तरी बायोडेटात घेऊ नये. देवस्थानाच्या बाबतीत समितीच्या सभेत मांडलेला वार्षिक हिशेब आणि त्यावरील लेखापरीक्षकाची सही ही उत्तम साक्ष असते. तुमचे नाव समितीच्या कागदांवर नसेल आणि तुम्ही केवळ मदत करत असाल, तर ‘हिशेबात साहाय्य’ म्हणावे.

‘फ्रीलान्स सल्लागार’ हा शब्दही असाच जपून वापरावा. ज्याने एकाही ग्राहकाला बिल दिलेले नाही आणि विवरणपत्रात त्या उत्पन्नाची नोंद नाही, त्याने तो लिहू नये. हिशेब विभागाच्या प्रमुखाचा पहिला प्रश्न बिलाबद्दलच असतो. तो माणूस दिवसभर बिलेच पाहत असतो.

१०. घर चालवणे, मुलांचे वेळापत्रक, महिन्याचा खर्च बसवणे यांना ‘व्यवस्थापनकौशल्य’ म्हणून सारांशात स्थान द्यावे का?

देऊ नये. ही कामे हलकी आहेत म्हणून नव्हे. हिशेब विभागाच्या जागेसाठी त्यांच्यावरून काही ठरवता येत नाही म्हणून. पाच ओळींच्या जागेत ती लिहिली की २बीच्या ताळमेळासाठी जागा उरत नाही.

११. प्रसूतीची रजा हा खंड आहे का?

नाही. रजेच्या काळात तुम्ही नोकरीत होता आणि तुमचे नाव हजेरीपटावर होते, तेव्हा तो काळ अनुभवात मोजावा आणि सारांशात त्याचा उल्लेखही करू नये. १ एप्रिल २०१७पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी ही पगारी रजा २६ आठवड्यांची आहे. रजा संपल्यावर न परतता राजीनामा दिला असेल, तर खंड राजीनाम्याच्या तारखेपासून धरावा. अनेक भगिनी तो बाळंतपणापासून मोजतात आणि स्वतःचे सहा महिने उगाच कमी करून घेतात.

१२. मी डिचोलीतील एका खाण कंपनीच्या हिशेब विभागात होतो. खाणी बंद झाल्या आणि पुढे तीन वर्षे स्थिर काम मिळाले नाही. हा खंड माझा नव्हेच. तसे लिहू का?

जरूर लिहा, पण गाऱ्हाणे न करता. ‘मार्च २०१८मध्ये राज्यातील खाणकाम थांबल्याने पद संपुष्टात’ एवढे पुरे. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून काम थांबले. गोव्यातील वाचणाऱ्याला यापुढे काही समजावण्याची गरज नाही. बाहेरच्या कंपनीकडे अर्ज करत असाल तर ‘न्यायालयीन आदेशामुळे’ हे शब्द घालावेत. त्या तीन वर्षांत ट्रकमालकांच्या कर्जाचे कागद केले, कोणाकडे हंगामी लिखापढी केली, तर ती प्रश्न ९मधील नियमाने मांडावी.

१३. मी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जाऊन पाच वर्षे गोदामात काम केले. हिशेब विभागाच्या दृष्टीने हा खंडच नाही का?

हा हिशेबाच्या कामातील खंड आहे, नोकरीतील नाही, आणि सारांशात हा फरक स्पष्ट झाला पाहिजे. ‘२०१९ ते २०२४ ब्रिटनमध्ये गोदाम विभागात नोकरी, त्यापूर्वी ७ वर्षे हिशेब विभाग’ असे सरळ लिहावे. ही पाच वर्षे लपवून तेथे ‘करिअर ब्रेक’ लिहिणारे मी पाहिले आहेत. गोदामाच्या कामाची त्यांना लाज वाटते. परंतु माल उतरवून घेणे, साठ्याची मोजदाद, नोंदीतील आणि प्रत्यक्षातील फरक शोधणे, हे ज्याने हाताने केले आहे, त्याची वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यातील भांडार-हिशेबासाठी अधिक किंमत असते. अर्ज त्या दिशेने केला तर खंडाचा प्रश्न बराचसा मिटतो.

१४. मला कामावरून काढले होते. खंड तिथूनच सुरू झाला. सारांशात काय लिहू?

नोकरी का संपली, हे सारांशात लिहिण्याचा प्रघात नाही, तेव्हा ते लिहू नये. नोकरीच्या तारखा आणि पुढील खंडाची वर्षे लिहावीत. ‘स्वेच्छेने राजीनामा’ असेही लिहू नये, कारण ते खोटे आहे आणि जुन्या मालकाला एक फोन केला की कळते. मुलाखतीत विचारले तर दोन वाक्यांत खरे सांगावे. हिशेबातील गैरव्यवहाराचा आरोप असेल आणि प्रकरण चालू असेल, तर सारांशाचा मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नये.

१५. लिंक्डइनवर आणि छापील बायोडेटात सारांश वेगवेगळा असला तर चालतो का?

शब्द वेगळे असले तर चालतात. तारखा आणि वर्षांची संख्या वेगळी असून चालत नाही. लिंक्डइनने २०२२पासून अनुभवाच्या भागात ‘करिअर ब्रेक’ नोंदवण्याची सोय दिली आहे. तिथे संगोपन, शुश्रूषा, आरोग्य असे प्रकार निवडता येतात. प्रकार निवडताना बायोडेटात लिहिलेलाच निवडावा. नोकरीच्या संकेतस्थळांवर दहा वर्षांपूर्वी भरलेली माहिती तशीच पडून असते आणि तेथील ‘एकूण अनुभव’ हा रकाना काही जण दरवर्षी एकाने वाढवत जातात. वरच्या उदाहरणातील भगिनींचे सतरा वर्षे तिथूनच आले होते. त्यांनी तो आकडा नऊवर आणला, खाली अर्धवेळ कामाचे महिने स्वतंत्र लिहिले आणि त्यानंतरच अर्ज पाठवला.